ऑक्टोबरचा तळ: चार खोल्यांच्या होमस्टेचा बारा महिन्यांचा हिशेब

तारकर्लीला आमच्या चार खोल्या आहेत, जेवणाखाण्याच्या सोयीसकट. गेल्या वर्षभरात पाहुण्यांकडून साधारण ९ लाख रुपये आले. बाराने भागलं तर महिन्याला ७५ हजार, आणि सगळा खर्च वजा करूनही वर्षाला ४८ हजार उरायला हवेत. तरी दिवाळीच्या आधी कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात, हे आमच्याकडे ठरलेलं. सासूबाईंना त्यात नवल वाटत नाही. "पावसात खंयची मिळकत? मे म्हयन्यातलाच पुरवून खावचा लागता," एवढं म्हणून त्या मोकळ्या होतात. पण मे महिन्यातलं किती पुरवायचं आणि कुठवर, हा आकडा कुणाकडेच नव्हता.

नणंद कुडाळला एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहिते. मेमध्ये ती माहेरी आली तेव्हा मी विषय काढला. ती म्हणाली, "वहिनी, नफा-तोटा बाजूला ठेवूया. पैसे हातात कधी येतात आणि हातातून कधी जातात, तेवढंच लिहू. महिना चुकला तर सगळं चुकलं."

बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार आणि माझी बुकिंगची वही घेऊन बसलो. पहिला वाद झाला तो घरखर्चावरून. ह्यांचं म्हणणं, धंद्याचा हिशेब आहे, त्यात घरातलं किराणा-दूध कशाला? नणंद ऐकेना. खातं एकच, गल्ला एकच, तर घरखर्च आत धरलाच पाहिजे, नाहीतर कागदावर पैसे दिसतील आणि डब्यात नसतील. म्हणून ठरावीक खर्च असा धरला: कर्जाचा हप्ता साडेचौदा हजार, कामाला असणाऱ्या ताईंचा पगार १० हजार, वीज-इंटरनेट-फोन मिळून साडेतीन हजार आणि घरखर्च १८ हजार. एकूण ४६ हजार. पाहुणा येवो न येवो, हे जाणारच.

दुसरा खर्च पाहुण्यांबरोबर वाढणारा: मासळी, गॅस, धुलाई, सीझनला लागणारी जादा माणसं, बुकिंग साइटचं कमिशन. वही चाळली तर जमेच्या साधारण पाचवा हिस्सा त्यात जातो असं दिसलं. तिसरा खर्च एकरकमी, आणि विसरला जातो तो हाच. जूनमध्ये मुलांची शाळा आणि विमा मिळून २५ हजार, गणपतीचे १५ हजार, पाऊस सरल्यावर रंगकाम, गाद्या, पंप यांचे ६० हजार, मार्चमध्ये घरपट्टी वगैरे ८ हजार, आणि मेअखेरीला कौलं चाळायला न् ताडपत्र्या बांधायला १२ हजार.

ॲडव्हान्सचं काय करायचं, हा खरा कूट प्रश्न होता. नाताळच्या बुकिंगचे पैसे आमच्याकडे ऑक्टोबरपासूनच येऊ लागतात, आणि तंगीत ते वापरलेही जातात. नणंदेने ते जमेत धरू दिले नाहीत. पाहुणा येऊन राहीपर्यंत ते पैसे त्याचेच. बेत रद्द झाला तर परत द्यायचे. ते वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि तक्त्यात पाहुणा राहून जाईल त्या महिन्यात लिहायचे. यामुळे चित्र थोडं जास्तच काळजीचं दिसतं, पण मला ते पटलं.

तक्ता जूनपासून सुरू केला, कारण ३१ मेला हातात सगळ्यात जास्त पैसे असतात. बँकेतले आणि घरातले मिळून तेव्हा २ लाख ६० हजार असतील असं दिसत होतं. शीटमध्ये दुसऱ्या ओळीत महिन्याची सुरुवातीची शिल्लक, तिसरीत जमा, चौथीत खर्च, पाचवीत अखेरची शिल्लक. जूनचा स्तंभ बी, जुलैचा सी. पाचव्या ओळीतली शिल्लक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या ओळीत जाते:

```
B5:  =B2+B3-B4
C2:  =B5
N5:  =MIN(B5:M5)
```

यातलं शेवटचं सूत्र बाराही महिन्यांतली सगळ्यात कमी शिल्लक दाखवते. गेल्या वर्षीचे आकडे त्याच महिन्यांत जसेच्या तसे भरले तेव्हा पहिले सहा महिने असे दिसले. आकडे हजारांत आहेत.

| महिना | जमा | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| जून | १८ | ७५ | २०३ |
| जुलै | ६ | ४७ | १६२ |
| ऑगस्ट | १४ | ६४ | ११२ |
| सप्टेंबर | १२ | ४८ | ७६ |
| ऑक्टोबर | ७० | १२० | २६ |
| नोव्हेंबर | ११० | ६८ | ६८ |

मला वाटत होतं, तळ जुलैत असणार. बोटिंग बंद, स्कूबा बंद, अंगणात चिटपाखरू नाही. पण जुलैत १ लाख ६२ हजार हातात आहेत. तळ येतो ऑक्टोबरअखेरीला, पाहुणे यायला लागल्यावर. चार महिने शिल्लक झिरपत आलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी रंगकामाचे ६० हजार जातात. पाहुणे दिसू लागले की आपणही सैल सोडतो, त्यामुळे ही तंगी आजवर सीझनच्या नावाखाली झाकली गेली असावी.

तरी २६ हजार उरत होते. ह्यांनी लगेच "जमलं की!" म्हटलं. तेवढ्यात सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "औंदा अधिक म्हयनो आसा. दिवाळी नोव्हेंबरात गेली."

भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या एकविसाव्या तारखेच्या आसपास होतं. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गणपतीही २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर गेला. गणपतीचे १५ हजार ऑगस्टमधून सप्टेंबरात नेले तर तळ तसाच राहतो, कारण दोन्ही महिने तळाच्या आधीचे. दिवाळीचं मात्र तसं नाही. ऑक्टोबरच्या ७० हजारांपैकी ५० हजार दिवाळीच्या सुट्टीतले होते. ते नोव्हेंबरात नेल्यावर ऑक्टोबरची जमा २० हजारांवर आली, तिच्याबरोबर वाढणारा खर्च १० हजारांनी घटला, आणि महिनाअखेरची शिल्लक उणे १४ हजार झाली.

तेवढ्यावर थांबलं नाही. नणंदेने ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तुकडा आठवड्यांत फोडायला लावला. महिनाअखेरची शिल्लक म्हणजे त्या एका दिवसाची; मधे काय घडतं ते तिच्यात दिसत नाही. कर्जाचा हप्ता ५ नोव्हेंबरला, ताईंचा पगारही तेव्हाच. दुकानाचं खातं आम्ही महिनाअखेरीला फेडतो, म्हणून ते सोडलं, तरी साडेचोवीस हजार दिवाळीचे पाहुणे येण्याआधीच जाणार. म्हणजे ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी उणे साडेअडतीस हजार. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर ३१ मेला २ लाख साडेअठ्ठ्याण्णव हजार हाताशी असतील तेव्हाच ही दिवाळी गाठता येते. पुढे नोव्हेंबर, डिसेंबर आणि मे मिळून सगळं भरून निघतं. वर्षाच्या शेवटी ४८ हजार उरतात ते उरतातच. बारा महिन्यांची बेरीज बदलली नाही, सण बदलला.

मग गंगाजळीचा प्रश्न. मी म्हटलं, तीन लाख ठेवले की झालं. नणंद म्हणाली, "ते तीन लाख गंगाजळी नव्हे गं. ते खर्च होणार हे आत्ताच माहीत आहे. जे माहीत नाही त्याच्यासाठी वेगळे काढ." मला हा फरक आधी शब्दांचा खेळ वाटला, पण तक्त्यात बसवल्यावर कळला. ठरावीक पैसे पावसाळ्यात झिजत जाऊन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शून्यावर येणार. त्याच आठवड्यात पंप जळला किंवा दिवाळीच्या दोन खोल्या रद्द झाल्या तर काय?

किती वेगळे काढायचे ते ठरवायला आमच्याकडे एक खरी आठवण आहे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं ते महिन्याच्या मध्यावर, ऐन भर सीझनच्या दिवसांत. ते वर्ष कोरोनाचंही होतं, म्हणून तेव्हाचे आकडे घेतले नाहीत; फक्त अर्धा मे गेला तर काय, एवढंच मांडलं. मेची जमा १ लाख ९० हजार. अर्धी गेली तर ९५ हजार कमी, पण त्या पाहुण्यांवरचा खर्चही वाचतो, तेव्हा खरा खड्डा ७६ हजारांचा. आणि तो बसतो पुढच्या ऑक्टोबरात, कारण मेचे पैसे तोवर पुरवायचे असतात. दोन महिन्यांचा ठरावीक खर्च ९२ हजार होतो. त्यात हा खड्डाही मावतो आणि वर एखादी दुरुस्तीही. म्हणून गंगाजळी ९२ हजार ठरवली.

आता हातात २ लाख ६० हजार आणि लागणार साधारण ३ लाख ९० हजार. एवढं अंतर एका वर्षात भरणार नाही. रंगकाम दोन भागांत करायचं ठरलं: समुद्राकडच्या दोन खोल्या ऑक्टोबरात, मागच्या दोन जानेवारीत. ३० हजार पुढे गेले आणि तळ उणे साडेआठ हजारांवर आला. हप्ते सीझनप्रमाणे बदलून मिळतील का, हे बँकेत विचारलं. चालू कर्जाला ते करता येत नाही म्हणाले. पण ह्यांच्या नावावर एक लाखाची मुदत ठेव आहे, तिच्यावर ९० हजारांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा करून दिली. जेवढे उचलू तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं व्याज. ठेव मोडण्यापेक्षा किंवा सोनं ठेवण्यापेक्षा हे स्वस्त. तळाच्या आठवड्यात त्यातले साडेआठ हजार उचलावे लागतील असं आत्ताच दिसतंय, उरलेले साडेएक्याऐंशी हजार हीच यंदाची गंगाजळी. ९२ला थोडी कमी पडते, पण उसनवारीपेक्षा बरी.

ह्यांच्या डोक्यात जानेवारीत दोन खोल्यांना एसी बसवायचं होतं, ८० हजार. रंगकामाचा दुसरा भाग दिल्यावरही जानेवारीअखेरीला १ लाख ८८ हजार दिसतात, मग अडचण काय? बारा महिन्यांच्या तक्त्यात अडचण दिसतही नव्हती. म्हणून आम्ही तो पुढच्या नोव्हेंबरापर्यंत ओढला. एसीशिवाय ३१ मे २०२७ला ३ लाख ८ हजार असतील, एसी घेतला तर २ लाख २८ हजार. रंगकाम दोन भागांत ठेवूनही पुढचा पावसाळा काढायला साधारण २ लाख ६८ हजार लागतात. म्हणजे ४० हजार गंगाजळीतून जाणार, आणि ते एसीचं बिल भागवायला, वादळासाठी नव्हे.

एसीच्या खोलीला रात्रीचे ५०० जास्त मिळतील, हे ह्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते मिळणार एप्रिल-मेमध्ये. आम्ही एकाच खोलीचा विचार करतो आहोत, तोही एप्रिलच्या सुरुवातीला, फेब्रुवारीपर्यंतची जमा तक्त्याच्या जवळपास आली तर. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला मी खरे आकडे भरते आणि शेवटी एक नवा महिना जोडते. जूनची जमा १८ हजार धरली होती. पहिल्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब पाऊस बघायला येऊन राहिलं, त्यांचे साडेसहा हजार आले आहेत.