डॉमिनंट पोल खरंच डॉमिनंट आहे का? मोटरच्या स्पीड लूपवरचा माझा अनुभव

डीसी मोटरच्या स्पीड लूपसाठी कंट्रोलर बसवायचा होता. प्लँट चौथ्या ऑर्डरचा होता, आणि त्यात चार टाइम कॉन्स्टंट होते: लोडसकट मोटरचा यांत्रिक 0.2 सेकंद, टॅकोच्या फिल्टरचा 0.02, आर्मेचरचा 0.004 आणि ड्राइव्हरचा 0.001. डीसी गेन 20, म्हणजे एका व्होल्टला 20 रेडियन प्रति सेकंद. पोल येतात -5, -50, -250 आणि -1000 वर.

पुस्तकी नियम सांगतो की बाकीचे पोल पाच ते दहा पट लांब असतील तर ते सोडून द्यावेत. इथे दुसरा पोल बरोबर दहा पट लांब आहे, म्हणून मी पहिल्या ऑर्डरचं मॉडेल घेतलं: `20/(0.2s+1)`. पोल सोडताना आधी प्रत्येक घटक `(Ts+1)` या रूपात लिहून घ्यावा. `(s+50)` या रूपात असताना तो नुसता खोडला, तर डीसी गेन 50 पट वाढतो. ही चूक फार सहज होते. ती पकडायची सोपी रीत म्हणजे s = 0 घालून मूळ आणि लहान मॉडेलची उत्तरं जुळतात का ते बघणं.

ओपन लूपचा स्टेप रिस्पॉन्स दोन्हींचा जवळजवळ सारखाच दिसला. मूळ प्लँट सुरुवातीला थोडा उशिरा उठतो, एवढाच फरक. त्या आलेखावर विसंबून मी नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर काढला. क्लोज्ड लूपचा टाइम कॉन्स्टंट 0.01 सेकंद हवा होता, म्हणून 1 + 20Kp = 20, म्हणजे Kp = 0.95. लहान मॉडेलवर ओव्हरशूट शून्य. हाच Kp पूर्ण प्लँटवर घातला तर ओव्हरशूट 48 टक्क्यांच्या आसपास गेला आणि साधारण 0.1 सेकंदाच्या आवर्तनाने वेग हेलकावत राहिला.

घोळ कुठे झाला? डॉमिनंट पोल हा एकट्या प्लँटचा गुण नाही, तो आपण मागितलेल्या बँडविड्थवर ठरतो. पहिल्या ऑर्डरच्या मॉडेलप्रमाणे गेन क्रॉसओव्हर 95 रेडियन प्रति सेकंदाला येत होता, म्हणजे सोडून दिलेल्या -50 च्या पोलच्याही पलीकडे. खऱ्या प्लँटचा क्रॉसओव्हर 59 ला आला आणि तिथे फेज लॅग 151.8 अंश, म्हणजे फेज मार्जिन जेमतेम 28 अंश. पहिल्या ऑर्डरच्या मॉडेलची फेज कधीच 90 अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे कितीही Kp घाला, ते स्थिरच दिसणार. खरा प्लँट मात्र Kp सुमारे 2.6 झाला की अस्थिर होतो.

मग मी -50 चा पोल परत घेतला. उरलेले दोन छोटे लॅग फेकले नाहीत, त्यांची बेरीज करून डिले म्हणून ठेवली: 0.004 + 0.001 = 0.005 सेकंद.

```matlab
s = tf('s');
G  = 20/((0.2*s+1)*(0.02*s+1)*(0.004*s+1)*(0.001*s+1));
G2 = 20*exp(-0.005*s)/((0.2*s+1)*(0.02*s+1));
bode(G, G2), grid on
```

त्याच 59 रेडियन प्रति सेकंदाला या मॉडेलची फेज -152.0 अंश येते, मूळ -151.8. मॅग्निट्यूडमध्ये फरक तीन टक्क्यांच्या आत. डिझाइनला एवढं पुरे. तुलना स्टेपवर न करता बोडेवर करावी, आणि तीही क्रॉसओव्हरच्या आसपास, कारण फीडबॅकमध्ये लूपचं नशीब तिथेच ठरतं.

या मॉडेलवर पीआय काढला. Ti = 0.2 ठेवला की मोटरचा मंद पोल कटतो, आणि लूप उरतो `100Kp·e^(-0.005s)/(s(0.02s+1))`. 60 अंश मार्जिन हवं तर क्रॉसओव्हर 22 रेडियन प्रति सेकंद येतो आणि Kp = 0.24. पूर्ण प्लँटवर तपासलं तर मार्जिन 60 अंशच निघालं. बँडविड्थ आधी मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी झाली, पण तेवढीच या प्लँटला झेपते.

एक गोष्ट अशा बेरजेत अजिबात बसत नाही: कपलिंगचा रेझोनन्स. समजा 300 रेडियन प्रति सेकंदाला डॅम्पिंग 0.02 चा पोलजोड आहे. अंतराच्या नियमाने तो लांबचा, पण त्याचं शिखर 1/(2 × 0.02) = 25 पट उंच असतं. Kp = 0.95 ला तिथे लूप गेन एरवी 0.032 असता, तो 0.8 पर्यंत चढतो, म्हणजे 1 च्या अगदी जवळ. पीआयच्या 0.24 ला तोच 0.2 राहतो. म्हणून पोल सोडण्याआधी त्याचं अंतर पाहावंच, पण डॅम्पिंगही पाहावं. असा पोलजोड असेल तर मी तो मॉडेलमध्ये ठेवतो.