एक बॅटरी, एक नंबर, एक बिल : आमची वाटचाल

सांगलीत इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा सुरू केला तेव्हा वॉरंटी म्हणजे शिक्का मारलेलं कार्ड. कार्ड गिऱ्हाइकाकडे, बिलाची कार्बन कॉपी आमच्याकडे, आणि बिलावर एवढंच : ‘१५० एएच ट्युब्युलर, नग १’. नेमकी कुठली बॅटरी गेली, ते त्यावरून कळायचं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभाग, खणभागातल्या घरांतले कागद गेले, तेव्हा कार्डाच्या भरवशावरची वॉरंटी किती कच्ची असते ते सगळ्यांनाच दिसलं. आता सिरीयल नंबर टाकल्याशिवाय आमच्याकडे बिल निघत नाही.

नंबर दोनदा स्कॅन होतो : माल उतरवताना आणि गाडीत चढवताना. दुसऱ्या वेळी खोक्यावरचा नव्हे, बॅटरीवर कोरलेला किंवा इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीवरचा नंबर घ्यायचा. डेमोसाठी उघडलेली मशीन परत भरताना खोकी बदलतात, म्हणून हा आग्रह. खोक्यावर दोन-तीन बारकोड असतात, त्यातला ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी कोड मॉडेलचा असतो, नगाचा नव्हे. तो चुकून स्कॅन झाला की दुसऱ्याच खोक्याला ‘हा नंबर आधीच आहे’ असं येतं. नंबर दोनदा घ्यायचा नाही, हा नियम प्रणालीत घातलेला असेल तरच ते येतं.

एक्सेलवर काम करणाऱ्यांनी स्कॅन करण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. नाहीतर पुढची शून्यं गळतात, पंधरानंतरच्या आकड्यांच्या जागी शून्य येतं, आणि `4718E06` सारखा नंबर `4.72E+09` होऊन बसतो. एकदा बिघडलेला नंबर नंतर टेक्स्ट करून परत मिळत नाही. दुबार नंबर शोधायला `COUNTIF` वापरू नका. नुसत्या आकड्यांचा लांब नंबर ते संख्या समजतं आणि पहिले पंधरा आकडे जुळले की दोन वेगळ्या बॅटऱ्या एकच धरतं. त्याऐवजी हे चालतं :

```
=SUMPRODUCT(--(A$2:A$5000=A2))>1
```

बिल नंबरातही वर्ष हवं. जीएसटीत बिल नंबर त्या आर्थिक वर्षापुरताच वेगळा असावा लागतो, त्यामुळे नुसता ४१८ दर एप्रिलनंतर पुन्हा येऊ शकतो. `SNG/22-23/0418` असा लिहिला की सोळा अक्षरांच्या मर्यादेत बसतो आणि पाच वर्षांनीही नेमकं तेच बिल उघडतं. ४८ व्होल्टच्या सेटला चार बॅटऱ्या लागतात. तिथे ‘नग ४’ लिहून भागत नाही. चारही नंबर ओळीतल्या जागेसह लिहायचे, कारण चौघींतली एकच बसते आणि तीच बदलून द्यायची असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बदली बॅटरीत. समजा, १२ जून २०२२ ला तासगावच्या गिऱ्हाइकाला बॅटरी दिली. वॉरंटी ३६ अधिक २४, म्हणजे पहिले ३६ महिने फुकट बदली, पुढचे २४ महिने किमतीत ठरलेली सूट. फुकट बदलीचा शेवटचा दिवस `=EDATE(C2,36)-1` ने ११ जून २०२५ येतो. २० मार्च २०२४ ला बॅटरी मेली आणि कंपनीने नवी दिली. नव्या बॅटरीची मुदत पुन्हा शून्यापासून धरली जात नाही, जुनीची उरलेली मुदतच तिला लागते. पण ती नवी विक्री म्हणून नोंदली, तर संगणक १९ मार्च २०२७ पर्यंत फुकट बदली दाखवतो. तेवढ्यावर आपण गिऱ्हाइकाला शब्द देतो, कंपनी क्लेम नाकारते, आणि बॅटरी आपल्या खिशातून जाते.

म्हणून बदलीचं बिल नाही, चलन निघतं. नव्या नंबरापुढे ‘कोणाच्या बदल्यात’ हा रकाना असतो, त्यात जुना नंबर. तारीख मूळ बिलावरूनच येते, हाताने भरायला जागाच ठेवलेली नाही. दुसऱ्यांदा बदली झाली तरी साखळी मागे जात त्याच बिलापाशी थांबते. जुना नंबर पुसायचा नाही, ‘कंपनीकडे परत’ अशी स्थिती लावायची. पुसला की साखळी तुटते.

जत-कवठेमहांकाळकडच्या छोट्या दुकानदारांना दिलेला माल मात्र वेगळा धरावा लागतो. आमचं बिल दुकानदाराच्या नावाचं, वॉरंटी सुरू होते ती शेवटच्या विक्रीपासून. अशा नंबराला वॉरंटीची तारीख आम्ही कोरीच ठेवतो. दुकानदाराने त्याच्या बिलाचा आणि बॅटरीवरच्या नंबराचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, दोन्ही नंबर जुळले, की मगच ती भरतो. फोटोत ओ आणि शून्य सारखेच दिसतात, म्हणून नंबर वाचून टाइप करायचा नाही, बारकोडचाच फोटो मागवून स्क्रीनवरून स्कॅन करायचा.