नमुना नापास झाला

“समोरचा माणूस निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी बोलतो. ते सगळं मराठीत आणल्यावर पुस्तकी वाटू नये म्हणून तुम्ही नेमकं काय करता?”

असा प्रश्न मला विचारला गेला. मी नाशिकला राहते आणि द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखती ऐकून त्या मराठीत लिहून काढते. गेल्या हंगामात निफाडकडच्या एका बागायतदाराचं बोलणं हातात आलं. त्यातला हा तुकडा:

“अ‍ॅक्च्युअली काय झालं, आमची क्वालिटी टॉप होती, ती एंडपर्यंत मेन्टेन केली. पण सॅम्पल फेल गेलं, रेसिड्यू लिमिटच्या वर निघाला. मग एजंटने लास्ट मोमेंटला कॅन्सल केलं, सगळा लॉट लोकलला सोडावा लागला.”

माझा पहिला मसुदा असा होता: “प्रत्यक्षात आमची प्रत सर्वोच्च होती, ती अखेरपर्यंत राखण्यात आली. परंतु नमुना अनुत्तीर्ण झाला, अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळला.” शब्दकोशाप्रमाणे यात चूक काढणं अवघड आहे. पण बांधावर उभा राहून कोणी असं बोलत नाही. मी इंग्रजी शब्द एकेक करून उचलले आणि प्रत्येकाच्या जागी मराठी शब्द ठेवला, तिथेच घोळ झाला.

कारण असं, की या बोलण्याचा सांगाडा मराठीच असतो. ‘मेन्टेन केली’, ‘फेल गेलं’, ‘कॅन्सल केलं’ यांत अर्थ इंग्रजी शब्दात असतो आणि काळ, लिंग, वचन सांगण्याचं काम ‘करणे’, ‘जाणे’ करतात. म्हणून मी तो जोड अख्खा उचलते आणि त्याच्यासाठी एकच मराठी क्रियापद शोधते. ‘मेन्टेन केली’ म्हणजे ‘राखली’ किंवा ‘टिकवली’. ‘वॉर्न केलं’ म्हणजे ‘बजावलं’. ‘इशारा देण्यात आला’ असं कधीच नाही.

मग नामांकडे वळायचं. ‘क्वालिटी’ स्त्रीलिंगी वापरतात, ‘दर्जा’ पुल्लिंगी आहे. शब्द बदलला की ‘आमची’चं ‘आमचा’ होतं, आणि पुढच्या वाक्यातली ‘ती’सुद्धा ‘तो’ व्हायला हवी. ही ‘ती’ मागे राहते आणि वाचणारा ‘ती कोण?’ म्हणून अडखळतो. ‘सॅम्पल गेलं’, पण ‘नमुना गेला’. इंग्रजी नाम बरेचदा रूप न बदलता प्रत्यय घेतं: ‘रिपोर्टमध्ये’. मराठी नाम आकार बदलतं: ‘अहवालात’. म्हणून शब्द बदलून झाले की मी फक्त सर्वनामं, विशेषणं आणि प्रत्यय पाहत पुन्हा एकदा वाचते.

‘कॅन्सल केलं’ने मला सगळ्यात जास्त वेळ अडवलं. काय कॅन्सल केलं, ते वाक्यात नव्हतंच. मिश्र बोलण्यात कर्म असं गळून पडतं आणि कोणाला खटकत नाही, मराठी क्रियापद मात्र ते मागतं. सौदा मोडला, की गाडी भरणं थांबवलं? ‘हात वर केले’ असं लिहायचा मोह झाला होता. वाक्य खुललं असतं, पण त्यात एजंटवर एक आरोप येतो, आणि तो बागायतदाराने केलेला नव्हता. मी फोन लावला. “सौदाच मोडला हो ताई,” ते म्हणाले.

‘अ‍ॅक्च्युअली’ला इथे ‘प्रत्यक्षात’ लागू पडत नाही. तो गोष्ट सांगायला सुरुवात करण्याचा शब्द आहे, आणि मराठीत त्यासाठी ‘त्याचं असं झालं’ आहे. काही वेळा तो नुसता गाळावा.

धंद्यातल्या शब्दांसाठी मी शब्दकोशाआधी बागायतदारांच्या घरातल्या जुन्या माणसांचं बोलणं ऐकते. द्राक्षावरच्या दोन रोगांना तरुण बागायतदार ‘डाऊनी’ आणि ‘पावडरी’ म्हणतो, त्याचे वडील ‘केवडा’ आणि ‘भुरी’ म्हणतात. ‘थिनिंग’ला विरळणी आहे, ‘बंच’ला घड, ‘बेरी’ला मणी. ऑक्टोबरच्या ‘प्रूनिंग’ला तर गोडी छाटणी हे त्याहून नेमकं नाव आहे, कारण एप्रिलची ती खरड छाटणी. ‘रेसिड्यू’साठी मी ‘अवशेष’ काढून ‘औषधाचा अंश’ लिहिलं, कारण फवारणीच्या द्रव्याला इथे औषधच म्हणतात. ‘कंटेनर’ मात्र मी ठेवते. त्याला दुसरं नाव कोणी वापरत नाही, आणि मी घडवलं तर ते त्या माणसाच्या तोंडचं राहणार नाही.

शेवटी छापायला गेलं ते असं:

“त्याचं असं झालं, माल आमचा एक नंबर होता आणि शेवटपर्यंत तसाच राखला होता. पण नमुना नापास झाला, औषधाचा अंश मर्यादेच्या वर निघाला. मग एजंटने ऐनवेळी सौदा मोडला आणि सगळा माल इथल्याच बाजारात सोडावा लागला.”

‘दर्जा’ गेला आणि ‘माल’ आला, कारण ‘एक नंबर’ मालालाच म्हणतात. ‘एजंट’ तसाच ठेवला. ‘दलाल’ लिहिलं असतं तर त्या माणसाकडे बघायची नजरच बदलली असती. हा मजकूर मी बागायतदारांना फोनवर वाचून दाखवला. ते मध्येच म्हणाले, “हां, पुढं सांगतो,” आणि त्या हंगामाची राहिलेली गोष्ट सांगू लागले.