तुम्ही विचारलंत म्हणून

“पोरीच्या शौचातून रक्त पडत होतं, तरी अँटिबायोटिक का दिलं नाहीत? ई. कोलाय तर सगळ्यांच्याच पोटात असतो ना?”

असतो. फोंड्यात लॅबमध्ये मी रोज हा जंतू वाढवलेल्या प्लेटा बघते. आतड्यात निमूट राहणारा असतो, मूत्रमार्गाच्या अस्तराला बारीक तंतूंनी चिकटून लघवीला जळजळ लावणारा असतो, नुसते पाण्यासारखे जुलाब लावणाराही असतो. साध्या मॅकॉन्की प्लेटवर बहुतेक सगळे सारखेच गुलाबी उगवतात. माझ्या मुलीला झाला तो शिगा नावाचं विष बनवणारा प्रकार, ओ१५७. त्याच्यासाठी सॉर्बिटॉलची प्लेट लावावी लागते. ती साखर तो चटकन पचवत नाही, म्हणून वसाहती बिनरंगी राहतात. ती प्लेट मुद्दाम मागितल्याशिवाय लावली जात नाही.

तिला ताप नव्हता. पोटात मुरडा, आधी पाणी, मग रक्त. डॉक्टरांनी फक्त सलाईन लावलं. जुलाब बांधायची गोळीही नको म्हणाले. या जंतूच्या विषाचं जनुक त्याच्या डीएनएत दडलेल्या एका विषाणूवर असतं. काही अँटिबायोटिकांनी डीएनएला इजा झाली की तो विषाणू जागा होतो, जंतू फुटतो आणि विष अधिकच सुटतं.

मग जुलाब थांबले. सासूबाई म्हणाल्या, “सुटली गो बाय!” तिने पेजही खाल्ली. पण ओठ पांढरे पडले होते आणि सकाळपासून लघवी नव्हती. तिच्या रक्ताची स्लाइड मीच मायक्रोस्कोपखाली धरली. तांबड्या पेशी कुठे टोकदार, कुठे अर्ध्या कापलेल्या, आणि प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या. विष मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांच्या अस्तराला धरतं, तिथे गुठळ्या होतात, त्यातून जाताना पेशी चिरतात. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन चढलेलं होतं. डायलिसिस करावं लागलं.

आता ती शाळेत जाते. दरवर्षी लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब तपासतो.

दिलं असतं तर? हे मी स्वतःलाही विचारलंय, तुमच्याआधी आणि तुमच्यापेक्षा जास्त वेळा. शिगेला नावाच्या दुसऱ्या जंतूच्या एका प्रकारातही हेच विष असतं, मूत्रपिंड असंच जाऊ शकतं, आणि तिथे अँटिबायोटिक द्यावंच लागतं. त्या रात्री रिपोर्ट हातात नव्हता. ताप नाही, एवढ्यावर निर्णय झाला. तो शिगेला निघाला असता तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

न दिल्यामुळे ती वाचली, असं मी म्हणत नाही. या जंतूने आजारी पडलेल्या मुलांपैकी साधारण ५ ते १५ टक्क्यांना मूत्रपिंडाचा हा त्रास होतो, अँटिबायोटिक न देताही. पण न दिल्यामुळे किडनी बिघडली, हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. आणि तुमच्या घरी कुणाला रक्त पडलं तर शिगा विषाची तपासणी मागा, आणि जुलाब थांबले तरी आठवडाभर प्लेटलेट, क्रिएटिनिन बघत राहा.