कोटीपोटातला थेंब, आणि तात्यांचा पोळ्याचा बैल

गाईच्या कोटीपोटातले, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा माझा हा दुसरा प्रयत्न. मागच्या खेपेला काचेवर काहीच हललं नव्हतं. चूक माझी होती. डॉक्टरांनी आमच्या कपिलेच्या पोटात नळी घालून काढलेला रस मी पाण्याच्या बाटलीत घेऊन आलो, आधी चहा प्यायलो आणि मग सूक्ष्मदर्शक काढला. गाईच्या कोटीपोटात तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं आणि प्राणवायू जवळजवळ नसतोच. माझी बाटली गार होती आणि अर्धी हवेनं भरलेली. तिथं राहणारे जीव चहा उकळेपर्यंत गारठले.

या वेळी थर्मास गरम पाण्यानं विसळून नेला आणि काठोकाठ भरून घेतला. नळीतून आलेला पहिला रस डॉक्टरांनी फेकायला लावला. त्यात लाळ मिसळलेली असते, मग सामू खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. घरी आल्यावर रस मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळला, गरम पाण्याच्या पिशवीवर काच तापवून तिच्यावर थेंब ठेवला आणि वरच्या पातळ काचेच्या कडांना व्हॅसलीन लावलं, म्हणजे हवा शिरणार नाही. शंभरपट मोठं करून पाहिलं.

मंडळी, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर असते तशी गर्दी! छोटे, एका टोकाला केसांचा झुबका असलेले एन्टोडिनियम सगळ्यात जास्त. त्यांच्यामधून अंगभर केस असलेला एखादा मोठा आयसोट्रिका गोल गोल फिरत जातो, म्हशीसारखा, कुणाकडे न बघता. आयोडीनचा ठिपका सोडला तर काहींच्या पोटात गडद कण दिसले. तो त्यांनी गिळलेला स्टार्च. निरोगी जनावराच्या एका मिलीलीटरात असे आदिजीव लाखांत असतात, आणि जीवाणू हजार कोटींच्या घरात. जीवाणू माझ्या भिंगातून नुसत्या थरथरत्या ठिपक्यांसारखे दिसतात, पण गवताचं खरं काम मुख्यतः त्यांचं आणि काही बुरशींचं.

कारण गाईला स्वतःला गवत पचवता येत नाही. कडब्यातला सेल्युलोज तोडणारं विकर तिच्या शरीरात बनतच नाही. ती दावणीतला कडबा कोटीपोटात नेऊन टाकते, तिथं जीवाणू तो आंबवतात, आणि त्यातून निघणारी ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्लं पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. तिची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते. वाढलेले जीवाणू रसाबरोबर पुढे वाहत चौथ्या, खऱ्या पोटात पोहोचले की तिथं तेच पचतात. प्रथिनांचा मोठा वाटा असा मिळतो. म्हणजे गाय चारा घालून जीवाणू पाळते आणि मग त्यांनाच खाते. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपण जसे तिला पाळतो." त्यांना कपिलेला खायचं नाही हे मी निदर्शनास आणून दिलं.

ज्यांना बाकीची पोटं पाहायची आहेत त्यांनी मटणवाल्याकडून न कापलेली बोकडाची वजडी आणावी. टॉवेलसारखा खरखरीत भाग म्हणजे कोटीपोट, मधमाशीच्या पोळ्यासारखा तो जाळीपोट, पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांचं ते तिसरं, आणि आतून गुळगुळीत, घड्यांचं ते खरं पोट. गाईचं याच नमुन्याचं, फक्त मोठ्या जनावराचं कोटीपोट शंभर लिटरच्याही पुढे जातं.

रवंथाची नोंद. दुपारी गोठ्यात बसून कपिलेचे घास मोजले. गळ्याच्या डाव्या बाजूनं एक गोळा वर सरकताना साफ दिसतो. तोंडात आल्या आल्या ती एक छोटा घोट गिळते, ते पिळून निघालेलं पाणी. मग चावणं: ५४, ४९, ५७, ५१ वेळा. गिळते, चारपाच सेकंद थांबते, की पुढचा गोळा वर. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागात, मूठ दाबून ठेवली तर पोटाची लाट हाताला लागते, दोन मिनिटांत दोनतीन वेळा.

ही मेहनत कशासाठी? कडब्याच्या काडीवर मेणचट साल असते, तिच्यावर जीवाणूंना धड चिकटता येत नाही. काडी फुटली, चिरली की आतून शिरता येतं. शिवाय पुढच्या पोटाकडे बहुतेक काही मिलिमीटरपर्यंतचे बारीक तुकडेच सरकतात. मोठे मागेच राहतात आणि पुन्हा वर येतात. मी शेण चहाच्या गाळणीत धुऊन पाहिलं (गाळणी आता गोठ्याचीच झाली आहे). कुट्टी दोनअडीच सेंटिमीटरची होती, गाळणीत उरलेले धागे बहुतेक काही मिलिमीटरचे. तिसरं कारण लाळ. चावताना ती भरपूर सुटते, मोठ्या गाईची दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकते, आणि त्यात सोडा असतो. जीवाणू बनवत असलेलं आम्ल तोच आवरतो. पिठासारखा बारीक चारा घातला तर पोटाच्या भिंतीला टोचायला काही राहत नाही, रवंथ घटतं आणि लाळही घटते.

हे आम्ल आवरलं नाही तर काय होतं, हे पोळ्यानंतर दिसलं. तात्यांच्या बैलाला घरच्यांनी पुरणपोळ्या खाऊ घातल्या, शेजारच्या दोन घरांनीही. तात्या म्हणाले, "वर्षातून एकदाच तर असतं." दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करेना. भकाळीत मूठ दाबली तर लाट नाही, नुसतं पाणी हलल्यासारखा खळखळाट. शेण पातळ, आंबट वासाचं. डॉक्टरांनी काढलेला रस हिरवट नव्हता, दुधाळ होता, वास तर दही नासल्यासारखा. सामूच्या पट्टीवर ५. कपिलेचा तेव्हा ६.५ होता.

माझ्या काचेवर एकही आदिजीव हलत नव्हता, आणि या वेळी थर्मास गरमच होता. पिठूळ, गोड अन्न पोटात आलं की ते झपाट्यानं आंबवणारे जीवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. सामू घसरला की तंतू पचवणारे जीवाणू थांबतात, आदिजीव मरतात. उरतात ते आम्लात तगणारे, आणि ते आणखी आम्ल करतात. म्हणून नुसतं उपाशी ठेवून भागत नाही, डॉक्टर लागतातच. सोडा किती, सलाईन किती हे वजन आणि रसाचा सामू पाहून ते ठरवतात. कुणी माझ्या नोंदीवरून घरी प्रयोग करू नये.

औषधोपचार झाल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कपिलेचा गाळलेला, गरम रस चार लिटर नळीनं बैलाच्या पोटात सोडला. आबा म्हणाले की जुनी माणसं निरोगी जनावराच्या तोंडातून रवंथाचा गोळा काढून आजाऱ्याला देत. तत्त्व तेच, बियाणं नव्यानं पेरायचं.

सातव्या दिवशी सामू ६.४. एन्टोडिनियम एका नजरेच्या वर्तुळात आठदहा. रवंथ सुरू झालं आहे, पण एका घासाला ३० ते ३५ वेळाच चावतो. आयसोट्रिका अजून एकही दिसला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा थेंब बघतो.