87 दिवस थांबलेला पीआर

सोमवार, 15 जून. रात्री साडेदहा

पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर वीस मिनिटं अडकलो, ऑफिसात पोचलो तर खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी संस्थेचा फोन आधीच येऊन गेलेला. त्यांच्या लेखनिकाचं म्हणणं असं की पासबुकात तीन महिन्यांचं व्याज 1002 रुपये छापलंय आणि त्यांच्या रजिस्टरात ते 1001 होतं. एक रुपया. पण ठेवीदार म्हातारा आहे, हिशेब पक्का आहे आणि तो काउंटरवरून हलायला तयार नाही.

चूक मला तोंडपाठ होती. महिन्याचं व्याज 333.60. आपलं सॉफ्टवेअर दर महिन्याला ते पूर्ण रुपयात करतं, म्हणजे 334, आणि मग तीनदा बेरीज करतं. आधी बेरीज केली तर 1000.80 होतात आणि शेवटी एकदाच पूर्ण रुपया केला तर 1001. हे मार्चमध्येच सापडलं होतं, दुरुस्तही झालं होतं. अक्कांनी 19 मार्चला ते तपासून मंजूरही केलं होतं. मी छातीठोकपणे म्हणालो, "हे कधीच गेलंय की." आणि मग बघितलं. दुरुस्तीचा कोड मूळ कोडात मिसळायचा, म्हणजे मर्ज करायचा प्रस्ताव, पीआर क्रमांक 212, अजून उघडा, `do not merge` लेबल लावलेला. लेबल 20 मार्चचं. आज 87 दिवस झाले.

अण्णांनी ते लावलं होतं आणि कारणही लिहिलं होतं: "31 मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत नको." बरोबरच होतं. वर्षअखेरीला व्याजाच्या हिशेबाला कोणी हात लावत नाही. पण क्लोजिंग साधारण 10 एप्रिलला आटोपलं. म्हणजे 87 पैकी 21 दिवस तो पीआर थांबवलेला होता आणि 66 दिवस नुसता विसरलेला होता. लेबल मात्र दोन्ही काळात तेच.

आणि विसरायची सोय मीच करून ठेवली होती.

मंगळवार

आज जुनं सगळं उकरून बघितलं. मार्चअखेरीला अक्का माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या होत्या, "काय रे, ह्यो तुझा बॉट मला रोज 212 बघा, 212 बघा म्हणून काय सांगूलालाय? मी बघून झालंय की ते." खरंच होतं. रिमाइंडरची स्क्रिप्ट सगळे उघडे पीआर घ्यायची आणि रिव्ह्यूवाल्यांना सकाळी नऊला टोचायची. होल्डवरच्या पीआरमध्ये त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. असं रोज टोचलं की माणूस बॉटकडे बघणंच सोडतो, मग खरोखर अडलेल्या पीआरचंही रिमाइंडर वाया जातं. म्हणून मी शोधाच्या ओळीत एक वजाबाकी घातली:

```
is:open is:pr draft:false -label:"do not merge"
```

अक्का खूश, मी खूश. पण कुठले पीआर किती दिवस अडलेत हे साहेबांना दाखवणारा सोमवारचा अहवालही त्याच ओळीवरून निघत होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. रिमाइंडरमधून काढलं आणि अहवालातूनही आपोआप गेलं.

एवढ्यावर भागलं नाही. फार दिवस हालचाल नसलेले पीआर बंद करायला आम्ही `actions/stale` वापरतो. त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे 60 दिवस काही घडलं नाही तर ते पीआरला शिळा ठरवतं आणि पुढच्या 7 दिवसांत बंद करतं. होल्डवरचे पीआर असे बंद होऊ नयेत म्हणून मी `exempt-pr-labels` मध्ये हेच लेबल दिलेलं. सूट नसती तर मेच्या उत्तरार्धात त्याने तरी ओरडून सांगितलं असतं. जाळी दोन होत्या आणि दोन्हींना त्याच जागी भोक, तेही माझ्याच हातचं.

बुधवार, सकाळी लवकर

रात्री झोप नीट नाही. एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर परत गल्लत होईल. काढायचं होतं ते टोचणं. मी काढलं ते दिसणं.

अण्णांना काल विचारलं, "तुम्ही लावलेलं लेबल तुम्हाला आठवतंय का?" ते म्हणाले, "मी लावलंय? हां, लावलंय की. पण मला कोण विचारलंच नाही परत." यात सगळं आलं. अक्कांना रोज विचारत होतो, ज्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांना एकदाही विचारलं नाही.

म्हणून आता दोन यादी. पहिली वरचीच, ती रिव्ह्यूवाल्यांची. दुसरी होल्डची, ती लेबल लावणाऱ्याला जाणार, आठवड्यातून एकदाच, आणि त्यात "बघा" असं नसेल. प्रश्न असेल: "ज्या कारणासाठी थांबवलंय ते अजून आहे का?"

त्याच दिवशी, रात्री

दुसऱ्या यादीसाठी "किती दिवस होल्डवर" हा आकडा लागतो आणि तिथेच मी दुपारभर फसलो. आधी सरळ `updated` ची तारीख घेतली. त्या हिशेबाने 212 चार दिवसांपूर्वीचा दिसला! कारण चार दिवसांपूर्वी कोणीतरी त्याच्यावर दुसरं एक लेबल चिकटवलं होतं. कोणी टिप्पणी टाकली, लेबल बदललं, की ती तारीख पुढे सरकते. माझा बॉट पीआरवरच टिप्पणी टाकणारा असता तर गंमतच होती: दर आठवड्याला आठवण करून देणार आणि आठवण दिल्यामुळेच तो पीआर ताजा दिसणार.

पीआर उघडल्याची तारीखही चालत नाही, कारण काही पीआर महिनाभर नीट चालतात आणि मग होल्डवर जातात. हवी ती लेबल लावल्याची वेळ, आणि ती घटनांच्या नोंदीत मिळते:

```
gh api --paginate repos/OWNER/REPO/issues/212/events \
  --jq '.[] | select(.event=="labeled"
    and .label.name=="do not merge")
    | .created_at + " " + .actor.login'
```

पीआर असला तरी पत्त्यात `issues` च लिहावं लागतं, गिटहबवर प्रत्येक पीआर हा इश्यूही असतो. लेबल काढून परत लावलं असेल तर एकापेक्षा जास्त ओळी येतात, त्यातली सगळ्यात अलीकडची धरायची. सोबत नावही मिळतं, म्हणजे प्रश्न कोणाला विचारायचा तेही तिथेच कळतं.

गुरुवार

आज साफसफाई. होल्ड सांगायच्या आमच्याकडे चार तऱ्हा निघाल्या. कोणी `do not merge` लेबल लावतं, कोणी `on hold`, कोणी शीर्षकातच DNM लिहितं, कोणी पीआर ड्राफ्ट करून ठेवतं. शोधाला लेबलचं नाव बरोबर तेच लागतं. शीर्षकातला DNM माझ्या कुठल्याच यादीतून गाळला जात नव्हता आणि `on hold` वाले अजूनही बिचाऱ्या अक्कांना टोचत होते.

ड्राफ्टवरून नव्या पोराशी थोडा वाद झाला. तो म्हणतो, थांबवायचंच आहे तर ड्राफ्ट करा, गिटहब ड्राफ्ट मर्जच करू देत नाही. मुद्दा खोटा नाही. पण ड्राफ्टचा अर्थ लिहिणाऱ्याचं काम संपलेलं नाही असा आहे, तिथे विचारायचं ते लिहिणाऱ्याला. होल्डमध्ये काम संपलेलं असतं, तपासूनही झालेलं असतं, अडलेलं असतं बाहेरचं काहीतरी. दोन्ही एकात मिसळले तर अहवाल वाचणाऱ्याला कोणाकडे बघायचं तेच कळत नाही. मी ऐकलं नाही. लेबल एकच ठेवलं, बाकीची पुसली.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र मान्य करावा लागला: लेबल ही नुसती चिठ्ठी आहे, मर्जचं हिरवं बटण ती थांबवत नाही. त्याने लेबल दिसलं की नापास होणारी एक तपासणी लिहिली आणि ती मर्जसाठी सक्तीची केली. पहिल्या प्रयत्नात लेबल काढलं तरी ती नापासच राहिली, कारण `pull_request` वर चालणारं काम मुळात लेबल बदलल्यावर चालतच नाही. `types` मध्ये नेहमीच्या `opened`, `synchronize`, `reopened` सोबत `labeled` आणि `unlabeled` घातल्यावर जमलं. पोरगं हुशार आहे, फक्त चहा फार पितं.

शुक्रवार

212 आज गेला, पण सरळ नाही. लेबल काढल्या काढल्या कॉन्फ्लिक्ट. मेमध्ये ठेवीच्या मुदतपूर्व मोडणीचं काम मर्ज झालं होतं आणि त्याने व्याजाचं तेच फंक्शन हलवलं होतं. कॉन्फ्लिक्ट सोडवून नवी कमिट ढकलली, तेव्हा अक्कांची 19 मार्चची मंजुरी आपोआप रद्द झाली. नवी कमिट आली की जुनी मंजुरी काढून टाकायचं सेटिंग आमच्याकडे चालू आहे म्हणून. ते नसतं तर मार्चच्या कोडला दिलेली मंजुरी जूनच्या कोडला चालून गेली असती.

अक्कांनी परत बघितलं आणि बरं झालं बघितलं: मुदतपूर्व मोडणीत व्याज अजूनही महिन्यागणिक पूर्ण रुपयात होत होतं. म्हणजे तीच चूक नव्या जागी. मार्चमध्ये ती जागाच नव्हती. दुपारी तेही दुरुस्त झालं. लेखनिकाला फोन केला. ते म्हणाले, "म्हातारा उद्या परत येतोय, त्याला मी दाखवतो."

स्क्रिप्टमध्ये एक भर घातली. होल्ड निघाला की तो पीआर त्याच सकाळी रिव्ह्यूवाल्यांच्या यादीत सगळ्यात वर येणार, पुढे "पुन्हा तपासा" असं लिहून.

सोमवार, 22 जून

नव्या रूपातला पहिला अहवाल. मागच्या सोमवारच्याच पीआरवर तो चालवून बघितला होता, कारण साहेबांना आकडा दाखवायचा होता. तेव्हा रिव्ह्यूच्या वाटेवर 9 पीआर होते, सगळ्यांचे मिळून 18 दिवस, म्हणजे सरासरी 2. होल्डवर 3 होते: 87, 30 आणि 9 दिवस. ते मिसळले असते तर 12 पीआर, 144 दिवस, सरासरी 12, आणि साहेबांनी अक्कांना विचारलं असतं, इतका उशीर का. पूर्ण लपवले तर सरासरी 2, आणि सगळं गोड. म्हणून सरासरी फक्त 9 ची, आणि खाली होल्डचे तिन्ही पीआर नावानिशी: कोणी थांबवला, कशासाठी, किती दिवस झाले, कुठल्या तारखेला परत बघायचं.

शेवटचा रकाना भरणं सगळ्यात अवघड जातंय. आज होल्डवर दोनच उरलेत. एकाला तारीख आहे, 30 जूनची तिमाही संपली की निघेल. दुसरा एका संस्थेच्या संचालकांच्या निर्णयावर अडलाय आणि त्यांची बैठक कधी ते कोणालाच माहीत नाही. त्या रकान्यात मी आधी डॅश टाकला होता. मग पुसून पुढच्या सोमवारची तारीख घातली, बैठकीची नव्हे, अण्णांनी तिथे फोन करायची. अण्णांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे दर सोमवारी मीच फोन करायचा होय रे?"

"तुम्हीच लेबल लावलंय न्हवं अण्णा."

दुपारी कुंदा आला होता, अक्कांनी आणलेला. अण्णांच्या वाट्याचा तुकडा जरा मोठा ठेवला.