बिल चुकलंय, हे कंपनीला कसं लिहायचं?

"इंटरनेटच्या बिलात चुकीची रक्कम लागली म्हणून तक्रार केली, तर 'बिल बरोबर आहे' असं उत्तर आलं. तुम्ही मुद्रितशोधन करता, मग लिहायचं तरी कसं ते सांगा."

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं पत्रच सांगते. त्यांनी लिहिलं होतं: "मागच्या महिन्यात तुमचा माणूस येऊन गेला, काही केलं नाही तरी पैसे लावलेत, आणि स्पीडही येत नाही, हा निव्वळ मनस्ताप आहे, योग्य ती कारवाई करावी."

व्याकरण ठीक होतं. घोटाळा होता तो स्पीडच्या उल्लेखात. बिलाची आणि वेगाची तक्रार वेगवेगळी माणसं बघतात. एकाच पत्रात दोन्ही गोष्टी आल्या की तांत्रिक विभाग लाइन तपासतो, 'स्पीड सुरळीत' असा शेरा मारतो आणि तक्रार बंद होते. म्हणून स्पीड आधी काढला. मनस्तापही काढला, त्यावर काकू जरा नाराज झाल्या.

मग बिल मागितलं. प्लॅन ७९९ रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी १४३.८२, म्हणजे नेहमीचे ९४२.८२. या वेळी आले होते १५३२.८२. 'लाइन शिफ्टिंग' नावाने ५०० लागले होते. काकू ५०० परत मागत होत्या, पण त्या ५०० वरही ९० रुपये कर गेलाय. मागायचे ५९०. पत्रात ५०० लिहिलेत तर तेवढेच मिळतील आणि वरच्या ९० रुपयांसाठी पुन्हा नव्याने भांडावं लागेल.

शेवटी पत्र असं झालं:

"माझ्या मार्चच्या बिलात 'लाइन शिफ्टिंग' या नावाने ५०० रुपये व त्यावर ९० रुपये जीएसटी आकारला आहे. मी कनेक्शन हलवण्याची विनंती केलेली नाही. राउटर जुन्याच जागी आहे. ऑटोपेने बिलाची पूर्ण रक्कम वळती झाली आहे. ५९० रुपये पुढील बिलात वजा करावेत. विनंती झाली होती असे आपले म्हणणे असल्यास तिचा क्रमांक व तारीख कळवावी."

वर ग्राहक क्रमांक आणि बिल क्रमांक. शेवटचं वाक्य माझ्या आग्रहाने घातलं. 'योग्य ती कारवाई' म्हटलं की 'तपासलं, बिल योग्य आहे' हीसुद्धा कारवाईच ठरते. क्रमांक मागितला की तो द्यावा तरी लागतो, नाहीतर नाही म्हणावं लागतं.

तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. बरेच जण थेट दूरसंचार नियामक ट्रायला लिहितात, पण ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. अपिलासाठी नवं पत्र लिहू नका. हेच पाठवा, वर फक्त डॉकेट क्रमांक घाला.